गंगी यांना, पुढेमागे काही न जोडता

मी, कुमुदिनी मधुकर निखाडे, वय ७३ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार मारेगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर बसून लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. उलट, लिहू नका म्हणणारे दोघे आहेत. डोके शाबूत आहे, तसे डॉ. निकिता खंडारे यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. येत्या गुरुवारी नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे सगळे सांगतात. सांगणाऱ्यांच्या झडपा शाबूत आहेत. म्हणून आज रविवारी हे पूर्ण व्हायला हवे, आणि सकाळपासून मी तीन वेळा उठून पुन्हा बसले आहे. खाडाखोड जिथे आहे तिथे बाजूला माझी आद्याक्षरे आहेत.

कलम १. मी कोण, याविषयी.

हे कलम वकील दोन ओळींत उरकतात. मला तसे जमत नाही, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे.

माझी बी.ए.ची पदवी विमल वामनराव गावंडे या नावाची आहे. माहेर बोरी अरब. मे १९७४ मध्ये माझे लग्न मधुकर निखाडे यांच्याशी झाले. माझ्या सासूबाईंचे नावही विमल. गावात त्यांना विमलताई म्हणत. एका घरात दोन विमल चालणार नाहीत, सुनेला हाक मारताना सासूचे नाव तोंडात येईल, असे ठरले. ठरले म्हणजे मला न विचारता ठरले. पितळी ताटात तांदूळ पसरले, आणि यजमानांनी अंगठीने त्यात कुमुदिनी लिहिले. त्यांचे अक्षर वाईट होते. मी पहिल्यांदा 'कुमदीन' वाचले आणि हसले, म्हणून सासूबाई रागावल्या. त्या दिवसापासून घरात विमल म्हटले की त्या ओ देत, आणि मी मान वर करायची नाही हे शिकले.

बी.एड.ला प्रवेश घेताना पदवीवरचे नाव वेगळे आणि रेशनकार्डावरचे वेगळे निघाले. मग प्रतिज्ञापत्र केले, नावातील बदल राजपत्रात छापून आणला, आणि त्याची प्रत पुढे छत्तीस वर्षे जिथे तिथे जोडली. लग्नाने नाव आपोआप बदलत नाही, बदललेच पाहिजे असा कायदाही नाही, हे मला प्रवेशाच्या खिडकीवर उभे असताना कळले. आधी कळले असते तर काय केले असते, हा विचार मी आज करणार नाही.

सबब: विमल वामनराव गावंडे आणि कुमुदिनी मधुकर निखाडे या एकच व्यक्ती असून ती व्यक्ती मी आहे. राजपत्राची प्रत परिशिष्ट अ.

कलम २. आधीचे मृत्युपत्र रद्द.

सन २०१९ मध्ये मी केलेले व नोंदविलेले मृत्युपत्र मी या कलमाने पूर्णपणे रद्द करीत आहे. त्यातील एकही ओळ कोणी पुढे करू नये. का रद्द केले ते सांगते, म्हणजे पुतणे गोपाल यांना 'म्हातारपणी मत फिरले' असे म्हणता येणार नाही. मत तेच आहे. कागद चुकला होता.

त्या कागदात माझे घर 'सौ. गंगाबाई शामसिंग आडे' यांना दिलेले आहे. मी वकिलांना तोंडी 'गंगी' सांगितले होते. त्यांच्या कारकुनाने मतदार यादीतून 'पूर्ण नाव' काढले. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वकील म्हणाले, "बाई, एवढं घर नुसत्या गंगीच्या नावानं कसं लिहायचं? बरं नाही दिसत. मान ठेवून लिहिलं."

२०१९ मध्ये तो कागद समोर आला तेव्हा माझ्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते आणि मी तो कागद न वाचता सही केली. मुलींना तीस वर्षे सांगत आले की वाचल्याशिवाय सही करू नका. त्या मुलींपैकी कोणी हे वाचत असेल तर तिने हसायला हरकत नाही.

सौ. गंगाबाई शामसिंग आडे या नावाची बाई खरोखर आहे. ती वेगळी आहे. तो कागद तसाच असताना मी गेले असते तर माझे घर तिला मिळाले असते, आणि ज्यांच्यासाठी ठेवले त्या अंगणात उभ्या राहिल्या असत्या. सहा वर्षे मी तो कागद कपाटात ठेवून निर्धास्त झोपले. आता ती झोप आठवली की घाम येतो.

कलम ३. गंगी कोण, याविषयी.

गंगी, एवढेच नाव. वय सुमारे ६६. वडिलांचे नाव धरमसिंग; ते ओळखीपुरते इथे लिहिले आहे, नावाचा भाग म्हणून नाही. आधारकार्डावर 'गंगी' हा एकच शब्द आहे. त्याचे शेवटचे चार अंक, फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा परिशिष्ट ब मध्ये आहे. सन २०१६ पासून माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. या कागदात 'गंगी' म्हणजे याच, दुसरे कोणी नाही.

मी कुठे चुकले होते ते आता लिहिते. वकिलांच्या आधी ही चूक मी केली होती, आणि तीही माइकवर.

मी या तालुक्यात तीस-बत्तीस वर्षे सूत्रसंचालन केले. झेंडावंदन, निरोपसमारंभ, सत्कार, कोणाचा कार्यक्रम असो, पाहुण्यांचा परिचय निखाडेबाईंनी करून द्यायचा. गंगी आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवीत. बंजारा तांड्यावरून पहाटे पायी येत. २६ जानेवारी २००८ रोजी शाळेने त्यांचा सत्कार ठेवला. मुख्याध्यापकांनी चिठ्ठीवर 'गंगी' लिहून दिले. मला ते बोचले. मराठी कानाला गंगी म्हणजे गंगेचे तोडलेले नाव. मालकीण मोलकरणीला मारते तशी हाक. एवढ्या लोकांसमोर मी त्या बाईला अशी हाक मारणार नाही असे मी मनाशी म्हटले, स्वतःवर खूश झाले, आणि हजेरीपुस्तकाशेजारी पडलेली मतदार यादी उघडली. मग माइकवर म्हणाले, "आपल्या सर्वांच्या अन्नपूर्णा, सौभाग्यवती गंगाबाई शामसिंग आडे."

टाळ्या झाल्या. कोणी उठले नाही. गंगी दुसऱ्या रांगेच्या टोकाला नव्या फेटियात, म्हणजे त्यांच्या घेरदार घागऱ्यात, बसल्या होत्या. मी पुन्हा पुकारले, आणखी मोठ्याने. तेव्हा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्या बाईले बोलवा नं मंग. कायले मले पाहून राह्यले सारे?"

मुले हसली. त्या उठल्या आणि फाटकातून निघून गेल्या. शाल आणि नारळ टेबलावर राहिले. खिचडी त्या दुसऱ्या दिवशीही शिजवायला आल्या, पण माझ्याशी अकरा महिने बोलल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की पातेल्याकडे बघायच्या.

शेवटी मी तांड्यावर गेले. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बसायला पोते दिले.

"कायले आल्या बाई?"

"तुझं नाव माझ्याकडून चुकलं," मी म्हणाले. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करीत होते.

"चुकलं नाई. तुमी सुदरवलं."

मी ढिगातली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"मार नाम गंगी छ," त्या आधी त्यांच्या बोलीत म्हणाल्या, मग मला समजावे म्हणून मराठीत. "याडीनं ठेवलं. याडी म्हंजे माय. आमच्यात गंगी हे पुरंच नाव हाय. त्याले कापलं नाई कोनी, का तुमाले शिवा लागते."

मग त्यांनी बाकीचे सांगितले. शामसिंगने त्यांना १९९१ साली टाकले आणि बबिता नावाची दुसरी बायको आणली. दुसरीची नोंद करायची तर पहिलीचे काय झाले ते सांगावे लागते. म्हणून त्याने नवीन नोंद केलीच नाही. रेशनकार्डावर, मतदार यादीत पहिलीचे 'गंगाबाई शामसिंग' तसेच राहू दिले आणि बबितालाच त्या नावाने उभे केले. पुढे फोटो आले ते बबिताचे आले. एक बाई कागदावरून गेली आणि दुसरीने तिचे नाव नेसले, दोघींना कोणी विचारले नाही. मी माइकवर ज्या सौभाग्यवतीला मानाने पुकारले ती सवत होती. गंगी 'त्या बाईले बोलवा' म्हणाल्या तो टोमणा नव्हता. ती नुसती माहिती होती.

म्हणून आधारच्या शिबिरात आडनाव विचारले तेव्हा गंगी म्हणाल्या, नाही. नवऱ्याचे नाव? नाही. त्या ऑपरेटरने एकच शब्द टाकला, आणि आधारला तो चालतो. बँकेच्या संगणकाला मात्र आडनावाचा रकाना रिकामा चालेना, तेव्हा तिथल्या बाईंनी तेच नाव दोन्ही रकान्यांत भरले. आता मोबाइलवर संदेश येतो, 'प्रिय गंगी गंगी'. त्या म्हणतात, "बँक मले दोनदा हाका मारते. बहिरी समजते का काय?" ती बँकेची सोय आहे, त्यांचे नाव नाही. असे दुप्पट नाव कुठे आढळले तर ती दुसरी व्यक्ती समजू नये. पासबुकाची प्रत परिशिष्ट ब मध्येच आहे.

त्या दिवशी पोत्यावरून उठताना त्यांनी मला विचारले, "आन तुमचं नाव काय?"

"कुमुदिनी."

"मायनं ठेवलेलं?"

चौतीस वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. मी सांगितले. त्यांनी एकदा म्हणून पाहिले, चव घेतल्यासारखे. "विमल. बरं हाय की. काहून देऊन टाकलं?"

त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.

कलम ४. घर.

मारेगाव येथील माझे राहते घर, पुढच्या तीन खोल्या, मागच्या दोन, अंगण, विहिरीतील हिस्सा आणि कडुनिंबासह, मी सन १९८८ मध्ये माझ्या पगारातून घेतले. खरेदीखत माझ्या नावे आहे. ते स्वकष्टार्जित असून त्यात निखाडे कुटुंबाचा हक्क नाही. हे संपूर्ण घर मी गंगी यांना पूर्ण मालकी हक्काने देत आहे. राहण्यापुरते नाही, त्यांच्या हयातीपुरते नाही. विकावे वाटले तर विकतील.

वरच्या ओळीत 'गंगी यांना' असे लिहिले आहे, त्यातील 'यांना' मुद्दाम आहे. मान द्यायचा तर तो मराठीत क्रियापदात देता येतो, सर्वनामात देता येतो. गंगी आल्या, गंगी म्हणाल्या, गंगी यांचे घर. त्यासाठी नावाला बाई, ताई, देवी चिकटवावी लागत नाही. मराठीची शिक्षिका असून हे मला छप्पन्नाव्या वर्षी सुचले. हा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे यांना कोन हाय आनखी? दोघींले देऊन राह्यली का घर?" मी व्याकरण समजावले. त्या म्हणाल्या, "असू दे मंग. पाठीमागून येते, नावाले धक्का नाई लागत."

गोपाल यांचे म्हणणे आहे, "काकू, आडनाव नसलेल्या बाईच्या नावानं घर चढतच नाही. कागद तिथंच अडते पाहा." तो हे काळजीने म्हणतो की आशेने, ते त्यालाच ठाऊक. मी मागच्या सोमवारी घरकराच्या कार्यालयात जाऊन बसले. कारकून माझा विद्यार्थी निघाला.

"बाई, तीन रकाने आहेत. स्वतःचं, वडील किंवा पतीचं, आडनाव. तिसरा भरल्याशिवाय पुढं जातच नाही."

"मग तिसऱ्यात रेघ मार."

"रेघ चालन का, बाई?"

"मारून बघ."

त्याने मारून बघितली. चालली. संगणक पुढे गेला. म्हणजे कायदा अडवीत नव्हता, रकाना अडवीत होता. दुसऱ्या रकान्यात धरमसिंग लिहावे, शामसिंग लिहू नये. आणि दुसऱ्या कोणत्या कार्यालयाला रेघ चालली नाही, तर आधारवर जसे आहे तसे लिहून आग्रह धरावा, बाजूला 'एकच नाव' असा शेरा मागावा, आणि ओळख पटवायला हे कलम दाखवावे. कोणाच्याही सोयीसाठी आडे, गंगाबाई किंवा श्रीमती असे आत घुसवू देऊ नये. एकदा घुसले की ते कागदोकागदी वाढते आणि मग खऱ्या माणसालाच आपण खरे असल्याचे सिद्ध करावे लागते.

कलम ५. शेत.

यजमानांकडून आलेले तीन एकर शेत, ज्यात यंदा कपाशी व तूर उभी आहे, ते मी पुतणे गोपाल निखाडे यांना देत आहे. अट घालणार होते. वकील म्हणाले, अट घातली की कोर्ट आले. म्हणून अट नाही, फक्त एक वाक्य: गोपाल, तू माझ्या घरी येतोस आणि गंगींना "ए बाई, पानी दे" म्हणतोस. त्यांना नाव आहे. ते दोन अक्षरांचे आहे. तेवढे तुला जमेल.

कलम ६. परिचयाची वही.

माझी निळ्या पुठ्ठ्याची वही, जिच्यात २००८ नंतर परिचय करून दिलेल्या प्रत्येक माणसाचे एक पान आहे, आणि माझा स्वतःचा माइक, हे दोन्ही मी गोपालची मुलगी समीक्षा हिला देते. ती यवतमाळला महाविद्यालयात सूत्रसंचालन करते. घाई करते. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते, कारण तिला कार्यालयांत भांडता येते.

समीक्षा, त्या वहीत वाचशील ते थोडक्यात इथेही लिहिते, कारण वह्या हरवतात. कार्यक्रमाआधी माणसाला स्वतः विचारावे, "आपला परिचय कसा करून देऊ?" आयोजकाला विचारू नये, आयोजकाला पत्रिकेत छापलेले ठाऊक असते. सांगितलेले लिहून घ्यावे आणि त्यांना ऐकू येईल असे परत वाचावे. एकच नाव सांगितले तर "पुढे?" असे विचारू नये. त्यात समोरच्याचे काहीतरी कमी आहे असे ध्वनित होते. "एवढंच म्हणू ना?" असे विचारावे आणि हो म्हटले की तेवढेच, पूर्ण आवाजात, घाई न करता म्हणावे. एका शब्दाला दोन शब्दांइतका वेळ द्यावा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला विचारावे, आज कोणते? कामाच्या ठिकाणी एक आणि घरी एक असू शकते. डॉ. निकिता खंडारे यांनी लग्नानंतरही खंडारेच ठेवले. त्यांचे यजमान रजत यांचे आडनाव वेगळे आहे. एका संस्थेच्या पत्रिकेत त्यांना 'सौ. निकिता रजत' करून टाकले तेव्हा त्या माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "रजत आज आलेले नाहीत, मी खंडारे आले आहे." जुने नाव सांगायचेच असेल तर तिने परवानगी दिली तरच, आणि 'माहेरच्या' म्हणावे. 'पूर्वाश्रमीच्या' म्हणू नये. तिने संन्यास घेतलेला नाही. आणि 'सौ.' कोणाच्याही पुढे न विचारता लावू नये. ती कोणाची विधवा असते, कोणाची टाकलेली असते, कोणाला नुसतेच नको असते, आणि लावणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते.

कलम ७. बबिता यांच्याविषयी.

गेल्या आठवड्यात मी तांड्यावर बबिता यांच्याकडे गेले. जुना कागद रद्द करते आहे हे त्यांना माझ्या तोंडून कळावे असे वाटले. मागून कोणी 'तुमचे घर गेले' असे सांगून त्यांना कोर्टात उभे करू नये. निवृत्त पोस्टमन अमरसिंग राठोड सोबत होते. शामसिंग खाटेवर पडून होता. मी काही त्याच्याशी बोलले नाही.

बबिता यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मले ते घर नाई पायजे, बाई. पर तुमी कागदाचं काम करता तं माहं नाव आना नं वापस. बिमार पडली तं दवाखान्यात गंगाबाई म्हून पुकारते. मी बसूनच राह्यतो. माहा नंबर निंगून जाते."

परत येताना आठवले. मलाही एकदा नागपूरच्या गाडीत कोणी मागून 'विमल' म्हणाले होते आणि मी मान वर केली नव्हती. ती माझी वर्गमैत्रीण होती.

सबब, व्यवस्थापक समीक्षा हिने माझ्या बचतीतून लागेल तो खर्च करून बबिता यांचे नाव राजपत्रात 'गंगाबाई शामसिंग आडे' यावरून 'बबिता' असे बदलून घ्यावे. पुढे काय लावायचे ते त्यांना विचारावे; शामसिंगचे लावायचे म्हणाल्या तर लावावे, तो त्यांचा अधिकार. प्रतिज्ञापत्र, जुन्या नावाचा पुरावा, फोटो, ऑनलाइन अर्ज, मग छापील राजपत्र, मग ते दाखवून आधार, मग रेशनकार्ड आणि मतदार यादी, या क्रमाने. क्रम चुकवला तर हेलपाटे पडतात. हे झाले की 'गंगाबाई शामसिंग आडे' नावाचे कोणीच उरणार नाही. ती बाई कधी नव्हतीच.

गंगी यांना हे कलम वाचून दाखवले तेव्हा त्या मान खाली घालून डाळ निवडीत राहिल्या. मला वाटले, सवतीसाठी माझा पैसा जातो म्हणून राग आला. मग म्हणाल्या, "तिले तं माह्यापक्षा जास्त झालं. मी निसती निंगाली. तिले तं माह्या नावात राहा लागलं."

कलम ८. बाकीच्या वस्तू.

बचतीतून उरेल ते, आणि भांडी, पुस्तके, शिवणयंत्र गंगी यांना. पुस्तके त्या वाचणार नाहीत. शाळेला द्यायची की नाही ते त्या ठरवतील.

तांदळाचे ते पितळी ताट माळ्यावर होते. गंगींनी नऊ वर्षांपूर्वी ते खाली काढले आणि त्यात रोज डाळ-तांदूळ निवडतात. ताट त्यांचेच. सासूबाईंवरचा माझा राग मी कोणालाही देत नाही. तो माझ्यासोबत संपेल. त्यांनाही लग्नात कोणी विचारले नसेल. त्यांचे माहेरचे नाव विमलच होते की तेही तांदळात लिहिलेले होते, हे मी एकोणतीस वर्षे एका स्वयंपाकघरात राहून विचारले नाही. हे लिहिताना पहिल्यांदा सुचते आहे. आता सांगायला कोणी नाही.

कलम ९. मी गेल्यावर.

यजमान गेले तेव्हा छापलेल्या पत्रावर माझे नाव 'गं. भा. कुमुदिनी' असे आले. गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. नवरा मेलेल्या बाईला पवित्र करण्याची ही रीत. गंगींनी ते पाहिले आणि अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाल्या, "मले तू गंगाबाई केलं, आता तुले गंगा केलं त्यायनं. फिटलं." मी त्या तेराव्याच्या दिवशी हसले आणि लोकांनी पाहिले.

माझ्या फलकावर गं. भा. नको, श्रीमती नको, सौ. तर नकोच. 'कै.' लावायला हरकत नाही, ते खरे असेल.

शोकसभा शाळेच्या पटांगणावर घ्यावी, ज्या जागी २००८ साली माइक होता त्याच जागी. माझा परिचय करून द्यायला कोणी शिक्षक, सभापती किंवा माजी विद्यार्थी उभा राहू नये. गंगी करून देतील. समीक्षाने आधी त्यांना नियमाप्रमाणे विचारावे, परत वाचून दाखवावे, आणि पुकारावे: "गंगी." तेवढेच. पूर्ण आवाजात. मग थांबावे. सतरा वर्षांपूर्वी त्या उठल्या नव्हत्या. त्या उठून माइकपर्यंत चालत येईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये.

मी नागपूरहून धडधाकट परत आले तर हे कलम थांबायची गरज नाही. येत्या २६ जानेवारीला मीच पुकारीन. मुख्याध्यापकांना पत्र टाकले आहे. शाल नवी घ्यावी.

कलम १०. विमल.

हे नाव सासूबाई असेपर्यंत मला घरात वापरता आले नाही, आणि त्या गेल्यावर मला हाक मारणारे कोणी उरले नव्हते. आईवडील गेले, भाऊ गेला. कागदांत ते पदवीवर आणि राजपत्रात आहे, पण कागद हाक मारीत नाहीत. आज मला त्या नावाने बोलावणारे एकच माणूस आहे. आत्ताही अंगणातून आवाज येतो आहे, "विमल, च्या थंडा होऊन राह्यला, तुह्यं लिहनं काई सरत नाई."

घर, भांडी, ताट दिले. हे राहिले होते. माझ्या आईने ठेवलेले विमल हे नाव मी गंगी यांना देत आहे. सांभाळायची अट नाही. कधी बोलताना आठवले तर वापरावे.

वरील दहा कलमे मी वाचली आहेत, या वेळी चष्मा लावून, दोनदा. कायद्याला माझे जे नाव ठाऊक आहे त्याने सही करते, आणि जे ठाऊक असावे असे मला वाटते तेही खाली लिहिते.

(सही) कुमुदिनी मधुकर निखाडे
माहेरची विमल वामनराव गावंडे

आम्ही दोघे एका वेळी हजर असताना वरील बाईंनी आमच्यासमोर सही केली; मग त्यांच्यासमोर आम्ही केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही करण्यापूर्वी बाईंनी आम्हाला आमची नावे कशी लिहू असे विचारले आणि परत वाचून दाखवली.

साक्षीदार १: (सही) डॉ. निकिता खंडारे, मारेगाव
साक्षीदार २: (सही) अमरसिंग राठोड, निवृत्त पोस्टमन. परिशिष्ट ब मधील फोटो व अंगठा गंगी यांचाच आहे, मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, आणि त्यांना तांड्यावर दुसरे नाव कधीच नव्हते, असे माझ्या अक्षरात लिहून देतो.

ठिकाण: मारेगाव, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार